गेटवरचे स्वागतोत्सुक

मोहाडीत तृप्तीचं लग्न होतं, एकोडीहून नवरदेवाची वरात मांडवाच्या गेटपर्यंत आलीसुद्धा, पण गेटच्या आत काही येईना! बॅन्डवाले वाजवून वाजवून लाल झाले, मे महिन्याच्या उन्हात रस्त्याचं डांबर चपलांना चिकटायला लागलं, पाण्याचे गार कॅन समोर मांडवात दिसत होते, आणि तरी सगळी वरात जागच्या जागी. कारण सगळ्यांच्या पुढे डोमाजी रामटेके उभे होते आणि ते मान वर करून वाचत होते.

डोमाजी म्हणजे नवरदेव विनोदचे मोठेबाबा, त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून विनोदला वाढवलं ते यांनीच. त्यामुळे मोठेबाबा थांबले की विनोद थांबला, आणि विनोद थांबला की लग्न थांबलं, इतका साधा हिशोब. डोमाजींनी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती आणि त्यांचा एका गोष्टीवर पक्का विश्वास होता, लिहिलं म्हणजे लिहिलं. गाडीत 'महिलांसाठी राखीव' लिहिलं असेल तर तिथे बसलेल्या सरपंचालाही ते उठवायचे.

"मोठेबाबा, या ना आतमधी," तृप्तीचा धाकटा भाऊ धर्मेंद्र गुलाबपाण्याची झारी घेऊन पुढे आला. लग्नाची सगळी धावपळ त्याच्याच डोक्यावर होती.

"येतो ना बापा. येवालेच तं आलो," डोमाजी अगदी प्रेमानं म्हणाले. "पण थे वरतं काय लिवलं हाय?"

"सुस्वागतम्."

"त्याच्या खालतं?"

धर्मेंद्रनं वर पाहिलं. लोखंडी पाइपांचं गेट, त्यावर निळा-पांढरा झालरीचा कपडा, मधे भलामोठा फ्लेक्स. डावीकडे बुद्ध, उजवीकडे बाबासाहेब, मधे 'मंगल परिणय', हृदयाच्या आकारात तृप्ती आणि विनोद, आणि खाली लाल पट्ट्यावर पिवळ्या अक्षरात 'स्वागतोत्सुक', आणि त्याखाली नावं. नावंच नावं.

"स्वागतोत्सुक," धर्मेंद्र म्हणाला.

"मंजे स्वागताले उत्सुक. बरोबर? मंग कोठं हायेत उत्सुक? मले तं तू एकटाच दिसून राहिला, आन् तुहं तं नावच नाई वरतं."

आता ही खरी गोष्ट होती! धर्मेंद्रनं आख्ख्या खानदानाची नावं टाकली आणि स्वतःचंच विसरला होता. त्याचं असं झालं, की त्यानं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं, की फ्लेक्सवर कोणाकोणाची नावं टाकायची. मग काय! एका काकूनं लिहिलं, आमच्या पोराचं टाक. दुसरीनं लिहिलं, तिच्या पोराचं टाकलं तर आमच्या दोघी पोरींचं टाक. एक नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं बोलणी खावी लागतात, म्हणून त्यानं सगळीच पाठवली. फ्लेक्सवाल्यानं मोबाइलवर नमुना धाडला. अक्षरं मुंगीएवढी. धर्मेंद्र तेव्हा भात शिजवायचे मोठे गंज भाड्यानं आणायला चालला होता, त्यानं मोठं करून न बघताच अंगठ्याचं चित्र पाठवून ओके केलं. झालं, छापून आलं!

"मोठेबाबा, थे असंच लिवतेत. रीत हाय," धर्मेंद्र म्हणाला.

"असंच कायले लिवाचं? सकाळी तुमच्या मोहाडीत चहा पेलो. हॉटेलच्या दारावर लिवलं, 'या बसा, आपलंच घर समजा.' मी बसलो. चहा झाल्यावर मालक म्हणते, काका उठा, गिऱ्हाईक उभं हाय! आपल्या घरून कोणी उठवते का? बाजूच्या दुकानात पाय पुसनं टाकलं, त्याच्यावर लिवलं वेलकम. स्वागत लिवते आन् त्याच्यावरच पाय पुसाले सांगते! मी म्हटलं, निदान लग्नाच्या गेटवर तं खरं असन." ते हसले. "माही काई घाई नाई. तू बलाव. मी एकेक नाव वाचतो."

मागून वरातीतल्या कोणीतरी ओरडलं, "मोठेबाबा, घसा वाळून राहिला!"

"वाळू दे. स्वागत झाल्यावर पाणी गोड लागते."

आतून तृप्तीची आई, पार्वताबाई, धावत आल्या. त्यांनी काय झालं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "धर्मेंद्र, जा बापा, ज्याचं ज्याचं नाव हाय त्याले पकडून आन. बौद्धाचार्य भाऊंले पुढं शहापूरचं लग्न लावाचं हाय, थे घड्याळ पाहून राहिले. थे निघून गेले तं मी काय करू?"

आणि मग सुरू झाली हजेरी! डोमाजी वाचायचे, धर्मेंद्रची चुलत बहीण हर्षा मांडवात तोंडाशी हात धरून ओरडायची, आणि धर्मेंद्र पळायचा.

"श्री. चिंधू मेश्राम!"

चिंधूकाका मांडवामागे वांग्याच्या भाजीपाशी होते. ते हातातल्या झाऱ्यासकट आले, घामानं निथळत. "जय भीम साहेब, स्वागत हाय, भाजी लागून राहिली," असं एका श्वासात म्हणून परत पळाले.

"जय भीम. हे झाले उत्सुक," डोमाजी म्हणाले. "बाळ सम्यक!"

सम्यक आठ महिन्यांचा. त्याला पाळण्यातून उचलून आणलं. त्यानं डोमाजींचा चष्मा ओढला. डोमाजी एकदम खूश. "हा पहा, हा खरा उत्सुक!"

"श्री. प्रफुल गजभिये, जावई!"

जावई पुण्याला, त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. हर्षानं व्हिडिओ कॉल लावला. जावई ऑफिसच्या जिन्यात उभं राहून हात जोडत होते आणि आवाज तुटत होता, "स्वा... हार्... स्वा..."

"राहू द्या, राहू द्या, चेहऱ्यावरून समजलं," डोमाजी म्हणाले.

वरात आता गंमत बघायला लागली होती. प्रत्येक नावाला टाळ्या! बॅन्डवाला तर प्रत्येक स्वागताला एक ठोका द्यायला लागला. धर्मेंद्रला वाटलं, सुटलो.

"श्री. इश्वर बोरकर, मामा!"

हर्षा दोनदा ओरडली, पण कोणी येईना.

इश्वरमामा पार्वताबाईंचे सख्खे भाऊ, आणि सकाळपासून समोरच्या पानठेल्यावर पाठ करून बसले होते. रुसले होते. का? तर फ्लेक्सवर त्यांचं नाव चिंधूकाकांच्या खाली आलं म्हणून! धर्मेंद्र पळत गेला.

"मामा, चाला ना, तुमचं नाव वाचलं."

"कोनत्या नंबरवर वाचलं?"

"मामा, वरात उन्हात हाय!"

"सख्ख्या मामाचं नाव झाऱ्यावाल्याच्या खालतं? मी येऊन काय पाहू, माही जागा? जाय तू."

धर्मेंद्र हात हलवत परत आला. डोमाजींनी त्याचं तोंड पाहिलं. "रुसले? राहू दे, त्यायले शेवटी घेऊ." आणि ते पुढचं वाचायला लागले. सगळ्यात खालचं, कोपऱ्यातलं नाव. "श्री. सुखराम कापगते."

हर्षानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "कोन?"

पार्वताबाईंनी धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रनं हर्षाकडे. "आपल्यात कापगते कोन हाय?" कोणीच नाही! सात पिढ्यांत नाही!

धर्मेंद्रनं फ्लेक्सवाल्याला फोन लावला. पलीकडून निवांत आवाज आला, "हां, थे का? थे मागच्या आठवड्यातल्या लग्नातले हायेत भाऊ. त्याच फाइलवर तुमचा बनवला. गणपती काढला, बुद्ध लावले, शुभविवाहचं मंगल परिणय केलं, नावं बदलली. एखादं राहून गेलं असन कोपऱ्यात."

"असन काय? हाय!"

"तुमी ओके केलं होतं ना?"

धर्मेंद्रनं फोन ठेवला आणि जे होतं ते डोमाजींना सांगून टाकलं. आता याहून काय वाईट होणार होतं!

डोमाजींनी विचार केला. "मंजे या मानसाले माहीतच नाई, का थो माह्या स्वागताले उत्सुक हाय?"

"नाई."

"मंग सांगाले पायजे ना त्याले."

मागे विनोदनं डोळे मिटून घेतले. आतून बौद्धाचार्यांनी माइकवर खाकरून घेतलं. हर्षानं वरातीतल्याच एका पोराची मोटरसायकल घेतली आणि सुटली. सुखराम कापगते म्हणजे बाजारातले कापड दुकानवाले, हे फ्लेक्सवाल्यानं सांगितलं होतं. ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "काका, चाला, आमच्या लग्नात स्वागतोत्सुकात तुमचं नाव हाय!"

सुखरामकाका तागा गुंडाळत होते. "मी? कोनाचं लग्न?"

"माह्या बहिणीचं. तुमी ओळखत नाई."

तुम्ही आम्ही काय केलं असतं? काकांनी तागा ठेवला, केसांवरून फणी फिरवली, गिऱ्हाइकाला म्हणाले, "येतोच, लग्नात माहं नाव हाय," आणि मागे बसले!

गेटपाशी उतरून त्यांनी आधी वर पाहिलं. खरंच नाव होतं. मग ते जे पुढे झाले! दोन्ही हातांनी डोमाजींचे हात धरले. "या या या, जय भीम, एकोडीहून आले ना? किती ऊन! कोनी पाणी देल्लं का नाई यायले? ए पोरी, कॅन आन इकडं. नवरदेवाले सावलीत घ्या आधी. बॅन्डवाले भाऊ, तुमीही पेऊन घ्या!" त्यांनी धर्मेंद्रच्या हातातली झारी घेतली आणि वरातीतल्या म्हाताऱ्यापासून लेकरापर्यंत एकेकावर गुलाबपाणी शिंपडलं, प्रत्येकाचं गाव विचारलं, प्रत्येकाला म्हणाले, "तुमचीच वाट पाहून राहिलो होतो." आणि असं म्हणाले की ऐकणाऱ्याला खरं वाटलं.

पानठेल्यावर इश्वरमामांची मान वळली. "हा कोन बे? माह्या भाचीच्या लग्नात?" ते ताडकन उठले. "थो पहा, नवरदेवाचा हात धरून राहिला! थे मामाचं काम हाय!" आणि रस्ता ओलांडून अर्धं पान तोंडात, अर्धं हातात, असे धावत आले, सुखरामकाकांना कोपरानं बाजूला सारलं आणि डोमाजींना घट्ट मिठी मारली. "स्वागत हाय व्याही, स्वागत हाय! मी सख्खा मामा!"

"झाले सगळे," डोमाजी म्हणाले, आणि त्यांनी उजवा पाय आत टाकला. बॅन्ड असा वाजला की सम्यक दचकून रडायला लागला. घड्याळ बघणाऱ्या बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं, पंचशील झालं, हार घातले, फुलं पडली. जेवणात भाजी थोडी करपली होती, पण चिंधूकाकांना कोणीच बोललं नाही. सुखरामकाका पहिल्या पंगतीत, डोमाजींच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी एकोडीला रिसेप्शन होतं. मोहाडीची मंडळी गाडीतून उतरली. धर्मेंद्र सगळ्यांच्या पुढे, कारण त्यानं रात्रीच ठरवून टाकलं होतं, की आपणही गेटवर थांबायचं, मान वर करायची, आणि मोठ्यानं वाचायचं. त्यानं मान वर केली.

फ्लेक्सवर 'सुस्वागतम्' होतं. खाली एकही नाव नाही. नुसता कोरा लाल पट्टा.

"आता काय वाचू मी?" धर्मेंद्र हिरमुसून म्हणाला.

तेवढ्यात आतून कोणीतरी धावत आलं, हातात झारी, खांद्यावर टॉवेल. "या या या! मोहाडीहून आले ना? तुमचीच वाट पाहून राहिलो होतो!"

ते सुखरामकाका होते.

"काका, तुमी? इथं?"

"डोमाजींनी सकाळीच गाडी पाठवली बापा, दुकान बंद करून आलो," सुखरामकाका त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडत म्हणाले. "थे म्हणत होते, नावं लिवून काई फायदा नाई, आपन मानूसच आनून ठेवू."