तीन मिनिटांचा ऋणनिर्देश

मधूनाना गेल्यानंतरच्या नवव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात समाजाच्या सभागृहात शोकसभा ठेवण्यात आली. सभेच्या शेवटी कुटुंबातर्फे तीन मिनिटांचा ऋणनिर्देश होईल, असं ठरलं. तो थोरल्या मुलाने, म्हणजे नीलेशने करायचा होता. नीलेश विमा कंपनीत अधिकारी. माणसं गेल्यावर काय काय कागद लागतात ते त्याला तोंडपाठ होतं, पण काय बोलायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

आईने, जयवंतीबाईंनी, त्याला शनिवारी सकाळी जवळ बसवलं.

"बाकी तुला काय बोलायचं ते बोल. पण क्लेमेंटीनचं नाव घे. माइकवरून, चारचौघांत. ती होती म्हणून तुझे वडील माणसासारखे गेले."

यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या गास गावाहून स्कूटीवर येणाऱ्या क्लेमेंटीनने अकरा महिने नानांना अंघोळ घातली, कूस बदलली, पाठीला खोबरेल तेल लावलं. नाना पेज फक्त तिच्या हातून खात. घरच्या कोणी चमचा पुढे केला की दात आवळून बसत. ते गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता. नीलेश शेजारच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये होता आणि त्याने हात वर करून बोलायची परवानगी मागितली होती.

म्हणून त्याने कागद घेतला आणि पाच ओळी लिहिल्या. पहिली ओळ क्लेमेंटीनची. वाचून त्याचे डोळे भरून आले. मसुदा इथेच थांबला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

दुपारी सुजय आला. सुजय हा नीलेशचा चुलतभाऊ आणि समाज मंडळाचा चिटणीस. पंचक्रोशीतल्या कुठल्याही शोकसभेचं त्याच्यावाचून पान हलत नसे. त्याने कागद वाचला आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा सुस्कारा सोडला.

"दादा, भावना चांगली आहे. पण याला क्रम असतो. आधी श्रद्धांजली वाहणारे वक्ते. मग मंडळाचे पदाधिकारी. मग भजनी मंडळ, डॉक्टर, स्मशानात धावपळ केलेली मंडळी, शेजारी. मग फोन आणि मेसेज करणारे. शेवटी, अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व. त्यानंतर बाराव्याची तारीख, वेळ सांगायची आणि हात जोडायचे. 'चहा घेऊन जा' म्हणायचं. 'पुन्हा या' म्हणायचं नाही. दुःखाच्या घरी कोणी कोणाला 'या' म्हणत नाही."

"आणि क्लेमेंटीन?"

"घेऊ की. शेजाऱ्यांनंतर."

संध्याकाळपर्यंत यादी चव्वेचाळीस नावांवर गेली. माजी नगरसेवक येणार की नाही हे नक्की नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं तयार ठेवली. आले तर 'व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून', न आले तर 'व्यस्त कार्यक्रमामुळे मनाने उपस्थित'. भजनी मंडळं दोन होती आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कोणाचं नाव आधी घ्यायचं यावर तासभर खल झाला. अखेर दोन्हींची नावं न घेता 'दोन्ही भजनी मंडळं' म्हणावं असा तोडगा निघाला. त्यावर दोन्ही मंडळांनी आक्षेप घेतला. या बाबतीत मात्र त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

रात्री जेवताना नीलेशच्या बायकोने, मेघनाने, विचारलं, "यात नानांबद्दल काय आहे?"

नीलेशने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नानांनी केळीची बाग कशी राखली, सोनचाफ्याच्या कळ्या पहाटे स्वतः कशा खुडल्या, याबद्दल दोन ओळी होत्या. त्या सुजयने वेळेअभावी काढल्या होत्या. नानांबद्दल वक्ते बोलतीलच, असं त्याचं म्हणणं होतं.

रविवारी दुपारी अंतिम मसुदा ठरवायला सुजय पुन्हा आला. आता त्याने बोट क्लेमेंटीनच्या नावावर ठेवलं.

"दादा, एक सांगू? ती घरचीच ना? मग घरच्या माणसाचे आभार मानून तिला परकं कशाला करायचं?"

"डॉक्टर आपला घरचा नाही का? तू तर त्याला 'फॅमिली डॉक्टर' लिहिलंयस."

"तो मंचावर बसणार आहे."

नीलेशला आईचा चेहरा आठवला आणि तो प्रथमच अडून बसला. नाव राहील म्हणजे राहील. सुजयनेही मोठ्या मनाने माघार घेतली.

"ठीक आहे. शेवटचं नाव तिचं. पण नुसतं 'क्लेमेंटीन' कसं म्हणणार? सगळ्यांना नाव आणि आडनाव आहे. तिचं आडनाव काय?"

नीलेशने मेघनाकडे पाहिलं. मेघनाने मुलीकडे, कृतिकाकडे पाहिलं. कृतिकाने मोबाइल काढला. नंबर 'क्लेमेंटीन नाना' म्हणून साठवला होता.

"गोम्स असेल. नाहीतर लोपीस," मेघना म्हणाली.

"असेल म्हणून माइकवर बोलता येत नाही," सुजय म्हणाला आणि ते खरंच होतं. चुकीचं आडनाव म्हणजे अपमान.

क्लेमेंटीन त्या वेळी दहा पावलांवर, मागच्या पडवीत, नानांच्या चादरींच्या घड्या घालत होती. उठून विचारलं असतं तर काम झालं असतं. नीलेश उठलाही. दारापर्यंत गेला आणि त्याला लाज वाटली. अकरा महिन्यांनी काय विचारणार? "तुम्ही माझ्या बापाला अंघोळ घालत होता, तुमचं पूर्ण नाव काय?" तो पाणी पिऊन परत आला. सुजयने मसुद्यात 'क्लेमेंटीन' लिहून पुढे रेघ ओढून ठेवली.

सभा उत्तम झाली. नगरसेवक आले. नीलेश माइकपुढे उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आम्ही आपले आभार मानून मोकळे होणार नाही, आपल्या ऋणातच राहू इच्छितो." हे वाक्य सगळ्यांना आवडलं. ऋणात राहायला काही करावं लागत नाही, ही त्याची सोय आहे. मग त्याने चव्वेचाळीस नावं अचूक वाचली. प्रत्येक नावासरशी एकेक मान किंचित वर होत होती. नाव झालं की त्या मानेचा मालक घड्याळ बघत होता.

कागदावर रेघ आली. पहिल्या रांगेत आई पदर सावरून बसली होती, त्याच्याकडेच बघत. मागे, चहाच्या टेबलापाशी, क्लेमेंटीन कपात चहा ओतत होती. नीलेशने 'क्ले' एवढं उच्चारलं. पुढे जीभ रेटेना.

"...आणि अनवधानाने ज्यांचा नामोल्लेख राहिला असेल," तो म्हणाला, "त्यांचीही क्षमा मागतो."

आईने नजर खाली घातली. तिने त्या दिवशी चहा घेतला नाही.

आठवडाभरात नऊ तक्रारी आल्या. दोघांचं नाव राहिलं होतं, चौघांचा क्रम चुकला होता, दोन भजनी मंडळं आणि एक व्याही. सुजयने व्हॉट्सॲपवर शुद्धिपत्रक काढून सर्वांचं समाधान केलं. ज्यांच्याबद्दल तक्रार आली नाही, त्यांच्याबाबत काही करण्याची तरतूद नसते.

आता आपण, वाचक, नीलेशला हसला असाल. हसायलाच हवं. फक्त एक माहिती द्या, शुद्धिपत्रकासाठी हवी आहे. आपल्या घरातल्या आजारी माणसाचं जी अंथरूण बदलते, तिचं आडनाव काय? घाई नाही. ती आतच असेल, जाऊन विचारा.