पाऊस थांबेना

आमू वर्गात बोलत नाही, हे कल्याणीबाईंनी दोन पालकसभांमध्ये सांगितलं होतं. तेव्हापासून तिची आई अक्षता काळजीत होती. घरी अखंड चिवचिवणारी आम्रपाली कर्वेनगरच्या शाळेत पाऊल टाकताच मिटून जायची. म्हणून पठणस्पर्धेसाठी बाईंनी ‘पहिला पाऊस’ हा विषय दिला, तेव्हा अक्षताने ठरवलं, की कविता आपणच लिहायची. इतकी सोपी, की जीभ अडखळणारच नाही.

तिने डायनिंग टेबलावर टाळ्या वाजवत कविता रचली. ओळीत चार टाळ्या, टाळीला चार मात्रा. ‘पाऊस’ लांबत होता, त्याचा ‘पाउस’ केला. कवितेत तेवढी मुभा असते. जोडओळींना यमक, आणि प्रत्येक जोडीनंतर एक ध्रुवपद, म्हणजे पोरीला दम घ्यायला जागा.

‘टपटप टपटप थेंब टपोरे,
भिजले अंगण, भिजली पोरे.
आला आला पाउस पहिला!

कागद माझा, झाली होडी,
पाण्यावरती करते खोडी.
आला आला पाउस पहिला!

झाडे न्हाली, हसली पाने,
चिमण्या गाती आनंदाने.
आला आला पाउस पहिला!’

शेवटचं कडवं तिचं सर्वांत लाडकं. त्यासाठी तिने अभिनयही बसवला: दोन्ही हात वर करून झाडासारखं डोलायचं.

आमूने कविता एका दुपारीच पाठ केली. पण होडीनंतर ‘आला आला’ म्हटलं, की गाडी पुन्हा ‘टपटप’वर.

“अगं, हिचा इन्फिनिट लूप झालाय,” तिचा नवरा धम्मदीप लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला. “तिन्ही कडव्यांना दार एकच. ती आपली ओळखीच्या खोलीत शिरते.”

“मग काय करू?”

“शेवटचं ध्रुवपद बदल. बाहेर पडायला काहीतरी दे.”

“परवा स्पर्धा आहे! आता बदललं तर तोंडच उघडणार नाही ती.”

आणि अक्षताला भीती होती ती तेवढीच.

स्पर्धेच्या दिवशी ती सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली. आमू मंचावर आली. गप्प. आमूने माइककडे बघितलं, ओठ पुसले, आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, “टपटप टपटप थेंब टपोरे!”

अक्षताचे डोळे भरले. होडी झाली. ध्रुवपद झालं. आणि पुन्हा टपटप.

दुसऱ्या फेरीला मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. तिसऱ्या फेरीला “आला आला” अख्खं सभागृह म्हणू लागलं. घंटा झाली, ती टाळ्यांत बुडाली.

“हे पठण आहे की सप्ताह?” परीक्षक आजोबांनी कोरडेपणाने विचारलं.

अक्षता उभी राहिली. हात वर केले आणि झाडासारखी डोलू लागली, की पोरीला तिसरं कडवं आठवावं. मागच्या आयांना वाटलं, हे करायचंच असतं. त्याही उठल्या. बघता बघता पाच रांगा डोलू लागल्या. एवढा प्रतिसाद पाहून आमूला आणखी जोर चढला.

“अहो ताई, बसा! तुम्ही उभ्या आहात तोवर ती कशाला थांबेल?” आजोबा ओरडले.

पण बसलं तर कडवं कसं आठवणार? अक्षता डोलतच राहिली. खांदे भरून आले, चेहरा लाल झाला.

कितव्या तरी “आला आला”नंतर आमू एकदम थांबली. आईकडे नीट बघितलं. आणि मग तिने, जणू ते लिहिलेलंच होतं अशा थाटात, म्हटलं,

“दमली दमली माझी आई,
घरी जायची आम्हा घाई!
गेला गेला पाउस पहिला!”

नमस्कार केला आणि उतरली.

टाळ्यांच्या कडकडाटात अक्षताने बोटांवर मोजलं. चार, चार, चार, चार. दुसरी ओळही चोख. यमक बरोबर. आणि एका शब्दाच्या बदलाने दार उघडलं होतं, जे उघडायचं धम्मदीपने सुचवूनही तिला धाडस झालं नव्हतं.

“शेवटचं कडवं कुणाचं?” आजोबांनी चष्म्यावरून विचारलं.

“तिचंच. आत्ताच केलं तिने.”

“छान आहे. आधीची दोन बरी आहेत.” आणि त्यांनी आमूला पहिलं बक्षीस दिलं.

कल्याणीबाई धावत आल्या. “अहो, ही वर्गात जाऊन सगळ्यांना शिकवतेय! गप्प बसेना!”

स्कूटरवर आमू आईला बिलगून बसली.

“आई, तू हात वर करून काय करत होतीस?”

“झाड झाले होते, बाळा.”

“पण कवितेत झाड कुठेय?”