परवा हमखास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत नवा मुलगा लागून वर्ष होत आलं, तरी सगळे त्याला 'नवा'च म्हणत. कायम झाल्याशिवाय माणूस जुना होत नाही, असा तिथला समज होता. नव्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. आणि गुरुवारी सकाळी त्याने चहाच्या खोलीतल्या फळ्यावर, अगदी नोटिशीच्या अक्षरात, लिहून ठेवलं :

ओ.टी.पी. : ओळख तर पटव.
एच.आर. : हसत राबा.
यू.पी.एस. : उगाच पडून सुस्त.

कंपनीचा यूपीएस वीज गेली की सगळ्यांच्या आधी झोपायचा. लेखापाल काका फळा वाचून इतके हसले की चहा नाकातून आला. मग त्यांना चेव चढला.

"ए.सी. म्हणजे, आहे पण चालत नाही."

कोणी हसलं नाही.

"काका, 'पण' आणि 'नाही' कुठून आले?" नवा म्हणाला. "टीचा त केला, सीचा च केला, तर खपतं. पण अक्षरं जेवढी, शब्द तेवढेच. पाहुणे नकोत."

"बरं, मग 'आहे, चालेल'."

"बसतं. पण खोटं आहे."

"म्हणजे बसलंही पाहिजे आणि खरंही पाहिजे," फोनवर बसणारी ऑपरेटर ताई म्हणाली. "मग आपल्या कंपनीचं कर की. पी.एच.टी."

त्या तीन अक्षरांचा खरा अर्थ खोलीत कोणालाच ठाऊक नव्हता. नव्याने डोळे मिटले, उघडले आणि शांतपणे म्हणाला, "परवा हमखास तपासू."

ताई दिवसभर फोनवर हेच तर बोलायची. हेच शब्द, याच क्रमाने. काकांनी कप खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर, दारावरच्या पितळी अक्षरांकडे पाहिलं. नवस फेडायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे इतकी वर्षं दारावर हेच लिहिलं होतं," ते पुटपुटले. "आणि आपण खालून ये-जा करत होतो."

मग मात्र सगळे हसले, आणि ताई हसत हसतच फोन घ्यायला गेली. "नमस्कार, परवा हमखास तपासू लिफ्ट सर्व्हिसेस," ती म्हणाली.

पलीकडचा माणूस खो खो हसला. त्याने ते आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेलं. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं स्वतःच विचारू लागली, "परवा हमखास का?" भांडण कोणीच करेना. तक्रार करायला आलेला माणूस असा समाधानाने फोन ठेवतो, हे ताईने जन्मात पाहिलं नव्हतं.

हसला नाही तो फक्त एक दाताचा डॉक्टर. त्याचे पेशंट गाल धरून चार मजले चढत होते. त्याने थेट मालकीणबाईंना फोन लावला. "तुमच्या कंपनीचं नाव खरंच हे आहे का?"

शुक्रवारी मालकीणबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. मागे मॅनेजर नव्याची फाइल धरून. नवा दाराशीच थांबला होता.

"खरा अर्थ कोणाला येतो?" बाईंनी विचारलं.

"प्रिसिजन," मॅनेजर म्हणाले. "हायड्रॉलिक. टेक्नॉलॉजी."

"आपल्याकडे हायड्रॉलिक काय आहे?"

मॅनेजरांनी छताकडे पाहिलं.

"ते मीच बँकेला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "बँकेचा जिना चढताना जुळवलं. दुकान घेतलं तेव्हा वर आधीच्या मालकाच्या बोर्डाची तीनच अक्षरं उरली होती. उतरवायला शिडी नव्हती. राहिली."

काका खुर्चीत बसले. नव्याला भीतीचाही विसर पडला. ज्या अक्षरांखाली एवढी माणसं कामाला लागली, त्यांच्या पोटात काहीच नव्हतं. जो जे ठेवेल, ते त्यांनी सांभाळलं.

"म्हणजे बाई, तुम्ही पण..."

"मी पण. माझं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तुझं एका दिवसात गावभर झालं. का रे?"

नवा चाचरला. "तुमचं कुठल्याही कंपनीला बसेल, बाई. हे फक्त आपल्यालाच बसतं. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. अक्षरांनीच बोलून टाकलं, म्हणून कोणाला राग आला नाही."

बाईंनी फळा पुन्हा वाचला. पुसला नाही. मग मॅनेजरांकडे वळल्या.

"डॉक्टरकडे आत्ता माणूस पाठवा. बाकीच्यांकडे आजच. हे 'परवा' खोटं पाडायचंय."

"आणि याचं, बाई?" मॅनेजरांनी फाइल पुढे केली. "कायम करायचं ना?"

बाईंनी फाइल उघडली नाही. नव्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"परवा हमखास तपासू," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नव्याने तीन शब्द बोटांवर मोजून पाहिले. एकही पाहुणा नव्हता.