आधी बोलायचं कोणी

सॅमसनकाकांनी मला फसवलं. करंज्याच्या बंदरावर मला कुणी ओलसर बोंबील सुका म्हणून विकू शकलेलं नाही. त्या मला एका रिटायर्ड हेडक्लार्कने माझ्याच दारात उभं राहून वर्षानुवर्षं फसवलं, आणि मला पत्ता लागला नाही.

पनवेलच्या जुन्या भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोनच दारं आहेत. एक त्यांचं, एक माझं. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची निम्मी माणसं केव्हाच परदेशी गेली. काका गेले नाहीत. तिकडे भांडायला हिब्रू शिकावी लागेल, हे त्यांनी दिलेलं कारण. माणूस काटकुळा, शर्टाचं वरचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं, आणि तोंडात सदा एकच शब्द: मुद्दा. "मैनाबाई, वास हा मुद्दा नाही. गच्ची सामायिक आहे, हा मुद्दा आहे."

कारण आमचं भांडण कायम गच्चीवरून. माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. टोपली घेऊन रस्त्यावर बसले होते, तिथून दुकानापर्यंत आले, कुणाच्या उपकाराशिवाय. माल पावसाळ्याआधी गच्चीवर ऊन दाखवायला काढला की काका त्याच दिवशी आपल्या उशा उन्हात घालायला येणार. मग मुद्दे निघणार. मग माझा आवाज चढणार. मला राग आला की खालच्या रिक्षावाल्यांनासुद्धा कळतं. मग दोन्ही दारं बंद.

आता काकांची खोड ऐका. अबोल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते यायचे आणि माझ्याशी नाही, माझ्या दाराच्या चौकटीशी बोलायचे. "उद्या पाणी येणार नाही म्हणतात." चौकटीला एवढं सांगायचं आणि निघून जायचं. पाणी हमखास यायचं. माफी नाही, गच्चीचं नाव नाही.

मी उत्तर देत नसे. आमच्या धंद्यात भाव सांगितला की गप्प बसायचं असतं. समोरचाही गप्प असतो. दोघांत जो आधी तोंड उघडतो, तो खाली उतरतो. मी अख्खी या एका गोष्टीवर उभी राहिले. म्हणून काका पहिल्यांदा आले की मी नुसती भांडी वाजवायची. त्यांना दुसरी खेप पडायची. दुसऱ्या खेपेला मी "हां" म्हणायची, तिसऱ्या खेपेला चहा. एकदाही मी आधी गेले नाही. प्रत्येक वेळी मीच जिंकले, असं मी धरून चालले होते.

पण फुकट कोण कशाला उतरेल? मला संशय होता. आधी वाटलं, माझ्या मालावर डोळा असेल. पण सोडे-जवळा, म्हणजे सुकी कोलंबी, त्यांच्या धर्मात चालत नाही. मग वाटलं, सोसायटीच्या निवडणुकीत माझं मत हवं असेल. तर ते उभेच राहिले नाहीत. शेवटी मी ठरवलं, म्हातारा एकटा आहे, त्याला गरज आहे, मला नाही.

आणि ते मी बोलून दाखवलं. यंदा काकांनी माझी जवळ्याची ताडपत्री एका बाजूला सरकवली. मी गच्चीवर सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमी आता मुद्दे सांगा, आणि चार दिवसांनी याच माझ्या दारात. दुसरं हाय कोण तुमाला?"

काकांनी उशी काखेत घेतली. "बरं," म्हणाले, आणि जिना उतरले. मुद्दा काढला नाही.

चार दिवस गेले, आठवडा गेला. चौकटीशी कुणी बोललं नाही. मी मनात म्हटलं, ताणून धरलंय. मीही ताणलं. पण जिन्यात भेटले की काका हसून नमस्कार करायचे, परक्या माणसाला करतात तसा. ते मला खटकलं. रागावलेला माणूस नजर चुकवतो, दार जोरात लावतो. म्हणजे अजून त्याला यायचं असतं. यांचं दार अगदी हळू लागत होतं. मला शंका आली, जागा विकतायत की काय. मी दाराच्या भोकातून पाळत ठेवली. दलाल आला नाही. कुणीच आलं नाही. एक दिवस नळाला खरंच पाणी आलं नाही, आणि तेही मला आधी कुणी सांगितलं नाही.

मग त्यांचा धाकटा भाऊ डॅनियल कामोठ्याहून आला. जिन्यातच मी त्याला अडवला.

"तुजा भाऊ बोलत नाय माज्याशी."

"मग तुम्ही बोला ना, ताई. दादा आधी बोलत नाही. जन्मात नाही बोललेला."

"माज्याशी बोलतो. दर टायमाला तोच येतो."

डॅनियल माझ्याकडे बघतच राहिला. "दादा? स्वतः येतो? माझ्याशी बिनसलं की फोन मीच करतो. वहिनी असतानाही तसंच. भांडण कुणाचंही असो, बोलायची वहिनीच. काहीतरी उगाचचं काढायची, आज दूधवाला लवकर आला, असलं. दादा पेपरामागे ऐटीत. ती वारल्यावर एकदा दादा मला म्हणाला, मला वाटायचं तिचा स्वभावच तसा आहे, तिला त्यात काही जड जात नाही. तेव्हापासून तो कुणाशी भांडतच नाही. नमस्कार करतो आणि पुढे जातो."

तो आत गेला. मी जिन्यातच राहिले.

म्हणजे हा भाव बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हता. सख्ख्या भावालासुद्धा नाही. अख्ख्या इमारतीत त्यांनी भांडायला एक मी निवडली होती, आणि भांडून झाल्यावर यायलाही. माझ्या भांड्यांचा आवाज ऐकून ते परत जात होते आणि पुन्हा येत होते. मी त्याला उतरणं समजले. पण ते कधी उतरलेच नव्हते. गच्ची सामायिक आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांनी फक्त गच्चीचं भांडण वेगळं ठेवलं आणि मला वेगळं ठेवलं. आणि मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, की तुम्हाला गरज आहे म्हणून येता. त्यानंतर कोण येईल?

डॅनियल गेल्यावर मी बेल वाजवली. आयुष्यभर व्यापाऱ्यांशी बोलणी केली, पण तिथे उभी राहून पहिला शब्द सापडेना. काकांनी दार उघडलं, वरचं बटण लावलेलं, आणि नमस्कार केला.

"नमस्कार नका करू," मी म्हटलं.

"मैनाबाई, काही काम होतं?"

"काम नाय. बोलायला आले."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या ना आत."

"आत नाय येत. आधी मला सांगा. बायको बोलायला यायची तेव्हा तिला किती जड जायचं, हे तुमाला मागून कळलं. कळलं ना? मग तेच तुमी माज्याबरोबर केलं. सहज आलात, काय जड नाय असं दाखवलंत. मला सवय लावलीत. आता मी इथं उभी हाय आणि पाय माज्या दाराकडं वळायला बघतायत. एवढं जड असतं, हे तुमी मला एकदापण का नाय सांगितलं? जवाब द्या, काका. घेतल्याशिवाय मी हलणार नाय."