ढोबळे गुरुजींना न सापडलेली चूक

आमच्या शाळेतले ढोबळे गुरुजी चुका जमवतात. लोक जुनी नाणी जमवतात, हे पोरांच्या मराठीतल्या चुका. वह्या तपासून झाल्या की त्यातली एखादी निवडून ते डायरीत उतरवतात, खाली पोराचं नाव आणि वर्ग लिहितात, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणतात, "पाहा सर, अस्सल माल हाये." आडनावच ढोबळे. मी काय बोलणार?

मी गणिताचा. मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याजवळच्या आमच्या गावच्या या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापकही मीच, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. गणितात चूक म्हणजे चूक, तिथे विषय संपतो. गुरुजींच्या मराठीत मात्र चुकीला घराणं असतं. आमची पोरं घरी वऱ्हाडी बोलतात, बाकीचे विषय हिंदीत शिकतात आणि दिवसातून एकच तास मराठी लिहितात. त्यामुळे 'गाईला चार टांगा असतात' हे वाक्य आमच्याच भागात जन्माला येऊ शकतं. हिंदीतली टांग म्हणजे पाय आणि मराठीतला टांगा घोड्याचा. असं काही सापडलं की गुरुजी ते वर्गात मोठ्याने वाचतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात आणि त्या पोराची पाठ थोपटतात. "मस्त चुकला लेका. असं चुकाले डोकं लागते."

तर यंदा सौंसरच्या निबंध स्पर्धेला आमच्या शाळेतून एक निबंध पाठवायचा होता. विषय 'माझे आजोबा'. दुपारच्या सुट्टीत गुरुजी सातवीतल्या कांचनची वही घेऊन आले, ते एखाद्याच्या घरून वाईट बातमी आणल्यासारखे.

"सर, गजब झालं. एक वेलांटी चुकली नाई. पोरगी बिमार तं नाई ना?"

मी वाचलं. 'माझे आजोबा म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर, अनुभवाची शिदोरी आणि मायेचा अखंड झरा. ते केवळ आजोबा नव्हेत, तर एक चालतेबोलते विद्यापीठ आहेत.' मधल्या मथळ्यांच्या दोन्ही बाजूंना तिने दोन-दोन चांदण्या काढल्या होत्या, त्याही पट्टी लावून. गुरुजींना वाटलं नक्षी आहे. मला कळलं. मोबाइलमधलं निबंध लिहून देणारं यंत्र मथळा ठळक दाखवायला अशा चांदण्या घालतं, आणि पोरीने त्या प्रामाणिकपणे वहीत उतरवल्या होत्या.

खरं सांगतो, मला मोह झाला. आमच्या शाळेला या स्पर्धेत आजवर साधं उत्तेजनार्थही मिळालेलं नाही. चांदण्या खोडा आणि पाठवून द्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी म्हटलं, आधी खात्री करू. एका साइटवर मजकूर टाकला की तो यंत्राने लिहिला की माणसाने ते सांगतात. कांचनचा निबंध टाकला. उत्तर आलं, यंत्राचा.

"आता माहा टाका," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी आपला रजेचा अर्ज पुढे केला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन आहे की' अशी त्याची सुरुवात. उत्तर आलं, हाही यंत्राचा.

गुरुजींनी अर्जाची घडी करून तो खिशात घातला. "तीस वर्षं झाली नौकरीले सर. मी मशीन हावो, हे कोनी सांगतलं नाई मले."

मी समजावलं. ही साइट कोणाला लिहिताना पाहत नाही. शब्द किती सराईत, अपेक्षेप्रमाणे आलेत यावरून ती अंदाज बांधते. छापील वळणाचं लिहिणारा माणूसही त्यात सापडतो, आणि मराठीत तर तिचा अंदाज आणखी कच्चा. त्यावरून पोरीला चोर ठरवता येणार नाही. आणि मी वर तसं कळवलं, तर तिचं नाव कटेल, घरापर्यंत बोभाटा होईल आणि ती पुन्हा मनाने एक ओळ लिहिणार नाही.

"मंग तिलेच पुसू," गुरुजी म्हणाले. "पन रागावाचं नाई. तुमी तं तोंडच उघडू नका."

कांचन आली आणि खाली मान घालून उभी राहिली. गुरुजींनी तिला विचारलं ते असं, "बाई, हे कसं करते गं ते? मले शिकव."

तिला हे अपेक्षित नव्हतं. हळूहळू तिने माझ्या मोबाइलवर करून दाखवलं. विषय बोलायचा, सातवीचा निबंध म्हणायचं, छोटा आला तर 'और लंबा' म्हणायचं. पुन्हा मागितलं की दुसराच निबंध येतो. गुरुजींनी स्वतः मोबाइल तोंडाशी धरून आज्ञा केली, "कांचनचे आजोबा." यंत्राने क्षणात लिहिलं, 'कांचनचे आजोबा रोज पहाटे पाच वाजता उठून योगासने करतात.'

कांचनला हसू आवरेना. "आठ वाजेपर्यंत झोपून राह्यते बुढा."

"मंग याले कोनं सांगतलं पाच?"

कोणीच नाही, मी म्हणालो. याने ढीगभर लिखाण वाचलंय. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल ते त्याला पक्कं ठाऊक. हिचे आजोबा त्याला ठाऊक नाहीत, म्हणून सगळ्यांचे आजोबा एकत्र घोटून त्याने एक काढले, आणि नाही माहीत असं म्हणायला विसरलं.

गुरुजींनी वही मिटली. "पन काहून बाई? तू तं किती झकास चुकतं."

ती म्हणाली, "म्हनूनच. मांगं मी लिवलं होतं, आजोबा मले रोज शिक्षा देतात. तुमी वाचून दाखवलं. पोरं अजून मले शिक्षाबाई म्हनतात."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. पोरीने आजोबांचं कौतुक लिहिलं होतं आणि वर्गाने ऐकलं ते मारझोडीचं. गुरुजींना ते तेव्हाही कळलं होतं, म्हणून तर त्यांनी ती चूक डायरीत पहिल्या नंबरावर ठेवली होती. पोरं कशाला हसली, ते मात्र त्यांना आज कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सातवीला तो शब्द दोन्ही भाषांत समजावला. "चुकली ते नाई, मी चुकलो," असं म्हणाले, आणि वयाची लाज न बाळगता कान धरून बाकावर उभे राहिले. उतरताना गुडघा अडला, तेव्हा कांचननेच हात दिला. मग ती तासभर वर्गात बसून लिहीत होती. 'आजोबा बागेत खाटेवर घोरतात. त्याच्याने फळं खानारी पाखरं उडून जातात म्हनून बाबा त्यांना उठवत नाही.' गुरुजींनी चुका दाखवल्या, तिने तिला पटल्या तेवढ्या सुधारल्या, आणि तो निबंध मी पाठवला. बक्षीस दुसऱ्या गावच्या मुलाला मिळालं. त्याचे आजोबा ज्ञानाचा अथांग सागर होते.

निकाल ऐकून परतताना मी गुरुजींना विचारलं, "चांदण्यांचं तुम्हाला माहीत नव्हतं. मग वही आणतानाच तुमचं तोंड का उतरलं होतं?"

त्यांनी मोबाइल काढून दिला. मुलगा पुण्यात नोकरीला. बायको वारल्यापासून गुरुजी घरात एकटेच. जुने मेसेज होते, 'बाबा गोळी घेतलि का', 'मी दीवाळीला येनार'. अलीकडचा होता, 'आदरणीय बाबा, आपले आरोग्य हीच आमची खरी संपत्ती आहे. आपले आशीर्वाद सदैव पाठीशी राहोत.' चूक एकही नव्हती. येण्याचंही काही नव्हतं.

"असे सात आले," गुरुजी म्हणाले. "वाईट नाई लिहत बिचारं मशीन. पन माह्या पोराचं अक्षर नाई दिसत त्यात."

मला फार वाईट वाटलं, एवढंच खरं. गुरुजींनी मोबाइल परत घेतला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं. पाठवण्याआधी मला दाखवलं, चुकलं तर नाही ना म्हणून.

'बेटा, कधी येनार?'

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचा 'न' मी तसाच राहू दिला.