मागच्या वेळेसारखंच, फक्त माणसं जास्त

सूचना जितकी मोघम, तितका सूचना देणारा माणूस मोठा, हे आता सर्वमान्य झालं आहे. नेमकं बोलायची वेळ फक्त गरजवंतावर येते. प्रतिष्ठित माणूस हात जरासा हलवतो आणि म्हणतो, "बघा आता तुम्हीच." आमचं घराणं या कसोटीवर अत्यंत प्रतिष्ठित आहे.

त्यामुळे नणंदेचं लग्न ठरल्यावर केटररला बोलावलं, तेव्हा त्याला पुढीलप्रमाणे माहिती पुरवण्यात आली.

सासरे : "साधंच करा, पण लोकांनी नाव काढलं पाहिजे."

सासूबाई : "तेलकट नको. अगदीच कोरडंही नको. तुम्हाला कळतंच."

मोठे काका : "माणसं तीनशे येतील. साडेतीनशे म्हणा. पाचशे धरून चाला, पण करा चारशेचंच."

केटरर सोफ्याच्या कडेवर बसून हे सगळं लिहून घेत होता. कडेवर बसण्याचं कारण असं, की त्याला हे काम फार हवं होतं. आजवर त्याने बारशी, बढत्या, निरोपसमारंभ असली पन्नास-साठ पानांची कामं केली होती. चारशेचं हे पहिलंच. शिवाय आम्ही घेतलेल्या हॉलच्या कचेरीत भिंतीवर एक फळा आहे. त्यावर ज्या केटररचं नाव असतं त्यालाच हॉलवाले पुढची लग्नं सुचवतात. नाव चढवण्याचा नियम एकच : समारंभाच्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत तक्रारवहीत जेवणाविषयी लेखी तक्रार नसावी. (वही चार वाजता बंद होते. व्यवस्थापकांच्या मते चारनंतर माणसाला कशाचंही वाईट वाटू शकतं.)

"काका, पण मेनू नक्की काय ठेवायचा?" त्याने विचारलं.

"मागच्या वेळेसारखंच," सासरे म्हणाले. "फक्त माणसं जास्त."

"तिखट कितपत?"

"मागच्या वेळी होतं तेवढंच की."

"आणि बसायची सोय?"

"अहो, मागच्या वेळी कुणी उभं होतं का?"

सासऱ्यांना अभिप्रेत असलेली मागची वेळ म्हणजे माझं लग्न. ते जेवण दुसऱ्याच केटररने केलं होतं, आणि तो गृहस्थ धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेला होता. पण सासऱ्यांच्या दृष्टीने केटरर हा पोस्टमनसारखा असतो, चेहरा बदलला तरी माणूस तोच.

केटररने घरी जाऊन आपली वही उघडली. आमच्या घराच्या नावावर तिच्यात एकच नोंद होती : माझ्या लेकीचा तिसरा वाढदिवस. मुलं चाळीस.

आता इथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करते. त्या वाढदिवसाची ऑर्डर मी दिली होती, आणि आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासातली ती एकमेव स्पष्ट सूचना होती. लेक झोपली असताना, चाळीस मिनिटांत, दोन पानं भरून, बारीकसारीक तपशिलांसह. तीन वर्षांच्या मुलासाठी मोघम सूचना देता येत नाही. त्याच्या घशात द्राक्ष अडकतं.

केटररला शंका आली नाही असं मुळीच नाही. पण गेल्याच महिन्यात एका बढतीच्या पार्टीत पाहुण्यांसाठी त्याच्याकडून शाळेच्या डब्यांतून जेवण मागवलं होतं, आणि त्याआधी एकाने सगळे पदार्थ काळ्या रंगाचे मागितले होते. मोठ्या लोकांच्या हौसेला कारण विचारायचं नसतं, हे तो शिकला होता. त्याने प्रामाणिकपणे कच्चा हिशेब मांडला. मुलामागे तांदूळ चाळीस ग्रॅम, मोठ्या माणसामागे ऐंशी. बत्तीस किलो झाले, वर दहा टक्के, म्हणजे पस्तीस. कुस्करलेला बटाटा माणशी दीडशे ग्रॅम. साठ किलो तयार हवा तर सालीची तूट धरून कच्चा पंचाहत्तर. मग लग्नाच्या आठ दिवस आधी त्याने घरच्या सतरा जणांच्या ग्रुपवर खुलाशाचा कागद पाठवला. तो जसाच्या तसा असा :

१. संख्या : ४००. तीन दिवस आधी पक्की कळवावी. त्यानंतर कमी होणार नाही.
२. गाजर-बटाट्याचं सौम्य सूप, कोमट.
३. मऊ भात, वर लोणी. तिखट : शून्य.
४. कुस्करलेला बटाटा, वाटाणे, गाजराच्या उकडलेल्या काड्या.
५. द्राक्षं बिया काढून, उभी चिरून. शेंगदाणे, काजू, बदाम कशातही नाहीत.
६. दूध, झाकणाच्या पेल्यातून. दोन कानांचे पेले.
७. टेबलं गोल, उंची सव्वा फूट, प्रत्येकी आठजण, एकूण पन्नास.
८. वाढणाऱ्या बायका : टेबलामागे एक, शेवटपर्यंत बसून.
९. गळ्यात बांधायची फडकी, मागून बटण, ४४० (सांडलं तर बदलायला).
१०. वाटी संपवणाऱ्यासाठी टाळ्या.
१२. जेवणानंतर हॉलमध्ये गाद्या, पडदे ओढून, एक तास.
१३. काही बदल असल्यास कृपया कळवावे.

दुपारपर्यंत कागदाखाली सतरा अंगठे आले. त्यातला एक माझा होता. (एका हातात धाकटा होता, दुसऱ्या हाताचा अंगठा मोकळा होता. बाकी सोळा जणांकडे धाकटा नव्हता.) केटररचं समाधान झालं नाही. त्याने सासऱ्यांना फोन केला.

"काका, कागद बघितलात ना? टेबलं, गाद्या, सगळं तसंच ना?"

"हो रे बाबा, किती वेळा विचारशील! मागच्या वेळेसारखंच!"

तीनदा विचारल्यावर चौथ्यांदा विचारणारा केटरर नवखा समजला जातो. त्याने फोन ठेवला आणि बालवाड्यांना सामान पुरवणाऱ्या माणसाला गाठून पन्नास टेबलं सांगितली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाजरं चिरून गार पाण्यात पडली. सकाळी सहाला बटाटे उकळायला लागले. बटाटा गरम असतानाच कुस्करावा लागतो आणि दूधही आधी तापवून घालावं लागतं. गार पडला की तो खळ होतो, भिंतीला कागद चिकटवण्याच्या लायकीचा. चौघेजण एकामागून एक पातेलं काढत होते, चाळणीवर घासत होते, आणि लगेच उष्णता धरणाऱ्या पेट्यांत भरून झाकणं लावत होते. साडेअकराला पेट्या हॉलवर उतरल्या. प्रत्येकीत त्याने थर्मामीटर खुपसून पाहिला. मग फळ्याकडे एकदा बघून घेतलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

साडेबाराला लग्न लागलं आणि दारं उघडली.

चारशे माणसं उंबऱ्यात थबकली. समोर पन्नास बुटकी टेबलं होती, आणि प्रत्येकापाशी एक हसरी बाई फडकं पसरून बसली होती. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी तो सासूबाईंकडे वळवला. आमच्या घरात जबाबदारी निश्चित करण्याची हीच पद्धत आहे.

"तुम्ही सांगितलंत," सासूबाई म्हणाल्या.

"मी फक्त मागच्या वेळेसारखं म्हणालो!"

केटरर दोघांच्या मधे उभा होता. त्याने वही उघडून दाखवली. "काका, मागची वेळ ही."

सासऱ्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. त्यांनी आयुष्यात पूर्ण वाचलेला तो पहिलाच मेनू असावा.

इतक्यात नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली. ही बाई लग्नांच्या जेवणांना गुण देते, आणि दहापैकी सहाच्या वर तिने आजवर कुणालाच दिलेले नाहीत. "तक्रारवही आणा," ती म्हणाली. व्यवस्थापकांनी वही आणली, पण नियम वाचून दाखवला : जेवल्याशिवाय जेवणाची तक्रार करता येत नाही. आत्या वही काखेत मारून, पेन केसांत खोचून, सव्वा फुटी टेबलापाशी बसली. तिचे गुडघे कानाला लागले. मागून कुणीतरी फडकं बांधलं.

"हं, आता एक घास माझ्यासाठी," तिच्या टेबलाची बाई म्हणाली.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"नाही हो. पण सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"

लग्नघरात हा प्रश्न विचारायची सक्ती नसल्यामुळे तो आत्याला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिने घास घेतला. मग दुसरा. बटाटा ऊन होता, लोणी वितळत होतं. वाटी संपली तेव्हा टेबलाने टाळ्या वाजवल्या, आणि आत्याने इकडेतिकडे पाहून, कुणाचं लक्ष नाही असं समजून, वाटी पुन्हा पुढे केली.

एक वाजून दहा मिनिटांनी परिस्थिती अशी होती : दुसऱ्यांदा बटाटा घेणारे २६०, दूध सांडणारे ३१, सांडल्याबद्दल न रागावता फडकं बदलून मिळालेले ३१, त्यामुळे डोळे भरून आलेले ५ (पैकी बँक मॅनेजर एक). नणंद, जी लग्नासाठी चार महिने उपाशी होती, तिने तीन वाट्या संपवल्या आणि तीनदा टाळ्या मिळवल्या. गैरसोय फक्त माझ्या लेकीची झाली. तिने सगळीकडे फिरून पाहिलं आणि जाहीर केलं, "फुगे नाहीत."

दीड वाजता यादीप्रमाणे पडदे ओढले गेले. गाद्या पसरल्या. सुरुवातीला कुणीच आडवं होईना. बँकेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसे लोक गाद्यांकडे बघत होते. मग मोठे काका "जरा पाठ टेकतो" म्हणाले. त्यानंतर पंधरा मिनिटांत चारशे माणसं झोपली. पन्नास बायका पाठीवर थोपटत हिंडत होत्या. मी धाकट्याला कुशीत घेऊन भिंतीशी पडले. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याआधी सगळं घर झोपलं होतं.

त्या बायकांखेरीज केटरर तेवढा जागा होता. आत्या वही उघडी ठेवून, पेन हातात घेऊन पालथी पडली होती, आणि तो लांबून तिच्या पेनाकडे बघत होता. यादीत एक तास लिहिला होता. पण लहान मुलाला झोपेतून उठवायचं नाही, हे त्याच्या वहीत लावलेल्या माझ्या दोन पानांत माझ्या अक्षरात दोनदा अधोरेखित होतं. त्याने कुणालाच उठवलं नाही.

पहिली जाग साडेचारला आली. तक्रारवही नियमाप्रमाणे चारला बंद झाली होती. तिच्यात एकच शब्द होता : 'जेवण'. पुढे पेनाची रेघ पानभर उतरत जाऊन चादरीवर गेली होती. व्यवस्थापकांनी (तेही डोळे चोळत होते) शब्द तपासला. नुसतं 'जेवण' ही तक्रार ठरत नाही, असा निर्णय झाला, आणि केटररचं नाव फळ्यावर चढलं. तो फळ्यासमोर उभा राहिला. मग वळून पेट्या मोजायला लागला.

आता त्याच्याकडे पुढच्या वर्षापर्यंत तारीख मिळत नाही. प्रत्येक घर येतं, सोफ्यावर रेलून बसतं आणि हात जरासा हलवून म्हणतं, "त्या लग्नासारखंच."

आमच्या घरी मात्र चौकशी बसली. सतराजणांनी अंगठे दिले, आणि एकाच्याही लक्षात कसं आलं नाही? सासऱ्यांनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. अकराव्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं : 'वयोगट : तीन वर्षे.' असा ढळढळीत मजकूर न वाचता पुढे जाणाऱ्या माणसांना काय म्हणावं, यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि तुमचंही मत आमच्याविषयी एव्हाना बनलं असेलच.

फक्त एक. तो कागद मी वर जसाच्या तसा दिला आहे असं म्हटलं, ते खरं नाही. अकरावी ओळ मी गाळली होती. तुम्ही दहावरून बारावर गेलात आणि वाचत राहिलात.

तुमचा अंगठा पोचला. आभारी आहे.