प्लीज न म्हणणारे अण्णा

शनिवार, १४ जून. छताच्या पन्हाळीतली पानं काढायला शिडीवर चढले, तोच कुंपणापलीकडून हाक आली.

"अगं सुनीता, चढलीच आहेस तर आमचीही पानं तेवढी काढतेस का?"

हे आमचे शेजारी, अण्णा दामले. वय शहात्तर, मूळचे पुण्याचे, इथे सिडनीच्या टूनगॅबीत मुलाकडे राहतात. त्यांनी जन्मात आपल्या माणसाला प्लीज म्हटलेलं नाही. "कृपया हे फलकावर लिहितात. घरात म्हटलं तर माणूस घाबरेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

खोटं नाही. 'अगं', 'जरा', 'तेवढं', शेवटी 'ना' किंवा 'का', शिवाय खाली आणलेला सूर. अण्णांची विनंती अशी सुट्या भागांत येते. पंचाईत होते इंग्रजीत. मनातलं 'जरा एक कॉफी देता का' काउंटरवर "गिव्ह वन कॉफी" होऊन पडतं. सुटे भाग घरीच राहतात.

आठ वर्षांची नात इरा पाण्याचा ग्लास मागे धरून म्हणते, "आजोबा, से प्लीज!"

"नातीला? मी काय तिकिटाच्या खिडकीशी उभा आहे?"

इराला शाळेतून आणणं हे त्यांचं दिवसातलं एकमेव काम. गेल्या महिन्यात फाटकापाशी एका मुलीच्या आईला ते म्हणाले, "मूव्ह युअर बॅग." बाईंचा चेहरा उतरला, इरा रडत घरी आली. मुलाने, निरंजनने, सांगून टाकलं, "बाबा, दोन आठवडे बघतो. नाहीतर तिला आफ्टर-स्कूल केअरमध्ये घालतो."

अण्णा थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी शिकवलं: आधी एक्सक्यूज मी, मग कुड यू, मग काम, मग प्लीज. काम झालं की थँक्स.

"एवढं बोलेपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल!"

पण माझ्या फ्रिजसमोर उभे राहून त्यांनी रोज घोकलं. दहा दिवसांत सगळं आलं. त्याच आठवड्यात इरा बापाला म्हणाली, मैत्रिणी केअरमध्ये असतात, मलाही तिकडेच जायचंय. आता अण्णा तीन वाजता नुसते घड्याळ बघतात.

दोन्ही घरांची पानं काढून झाल्यावर निरंजनने मला चहाला बोलावलं. टेबलाशी अण्णा मुलाकडे वळून म्हणाले, "कुड यू पास द शुगर, प्लीज?"

इराने टाळ्या वाजवल्या. निरंजन खूश. "बघितलंत ताई? आले की नाही वळणावर!"

अण्णांनी साखर घेतली, मुलाला "थँक यू" म्हटलं आणि चहा तसाच ठेवला. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले. "सुनीता, थँक यू सो मच फॉर द लीव्हज."



दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या तीन जुड्या घेऊन त्यांच्या अंगणात गेले. ते खुर्चीत बसले होते. जुड्या त्यांच्या मांडीवर टाकल्या. "अण्णा, तेवढ्या जरा निवडून ठेवा ना. मला शिफ्ट आहे," म्हटलं आणि उत्तराला न थांबता स्टेशनकडे चालू लागले.